‘पेंडिंग’च्या मधल्या वेळात

बार्शीहून फोन आला तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झाले होते. दिवाळी अंकांचे बुकिंग जोरात होते. पुण्यातल्या ज्या ताईंचे पुस्तकांचे दुकान आहे, त्यांची वेबसाइट मी सांभाळतो. त्यांनी तो फोन माझ्याकडे जोडून दिला. पलीकडे निवृत्त शिक्षक होते. आवाजात राग नव्हता, काळजी होती. “अहो, एकच संच मागवला मी. बँकेचे मेसेज मात्र दोन आलेत. अकराशे ऐंशी, आणि परत अकराशे ऐंशी.”

त्यांचे काहीच चुकले नव्हते. ९ वाजून ४२ मिनिटांनी त्यांनी यूपीआयचा पिन टाकला. ॲपवर चक्र फिरत राहिले. आमच्या वेबसाइटचे पान पाच मिनिटे थांबले आणि मग त्यावर लाल अक्षरांत आले, ‘पेमेंट अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’. सरांनी ते वाचले, बटण दाबले, पुन्हा पिन टाकला. ९:४९ला पेमेंट झाले, हिरवी खूण आली. आणि १०:२६ला, म्हणजे पहिल्या प्रयत्नानंतर तब्बल ४४ मिनिटांनी, गेटवेने आमच्या सर्व्हरला निरोप धाडला की ९:४२चे पेमेंटही यशस्वी झाले आहे. आमच्या प्रोग्रामने तोही निरोप निमूटपणे नोंदवला आणि दुसरे पार्सल बांधायला काढले.

चूक त्या लाल अक्षरांत होती. पेमेंट अयशस्वी झाले आहे हे ९:४७ला कोणालाच ठाऊक नव्हते. गेटवे `pending` म्हणत होता, म्हणजे ‘अजून कळलेले नाही’. मी त्याचा अर्थ ‘नाही’ असा लावून मोकळा झालो होतो.

हे ‘कळलेले नाही’ येते कुठून, ते आधी पाहू. यूपीआयवरून दुकानाला पैसे देताना निरोप बऱ्याच हातांतून जातो. तुमचे ॲप, तुमची बँक, मध्ये एनपीसीआयचा स्विच, पलीकडे दुकानाच्या बाजूची बँक, आणि तिच्या पुढे पेमेंट गेटवे. तुमच्या खात्यातून रक्कम वजा होणे ही एक घटना, पलीकडच्या खात्यात जमा होणे ही दुसरी, आणि ‘झाले’ हा निरोप उलट वाटेने परत येणे ही तिसरी. पहिल्या दोन्ही घडल्या आणि तिसरी रखडली, तर पैसे पोचलेले असतात पण पोचल्याचे कोणी सांगत नाही. कधी पहिली घडते आणि दुसरी घडतच नाही. मग पैसे परत फिरवावे लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळी एकच शब्द दिसतो, पेंडिंग.

गेटवेकडून आमच्या सर्व्हरला येणाऱ्या निरोपाला वेबहुक म्हणतात. ग्राहकाचा ब्राउझर परत येईलच याचा भरवसा नसतो. मोबाइलवर ॲप बदलताना टॅब बंद पडतो, बॅटरी संपते, नेटवर्क जाते. म्हणून गेटवे ग्राहकाला वगळून थेट आमच्या सर्व्हरच्या एका पत्त्यावर टकटक करतो आणि अमुक पेमेंटचे अमुक झाले असे कळवतो. आम्ही ‘मिळाले’ म्हणून ठरावीक वेळेत उत्तर दिले नाही, तर तो थोड्या वेळाने पुन्हा येतो, मग आणखी वेळाने पुन्हा. काही गेटवे दिवसभर असे प्रयत्न करतात, काही दोन-तीन दिवस. त्यामुळे एकच निरोप दोनदा येऊ शकतो, उशिरा येऊ शकतो, आणि नंतरचा आधी येऊ शकतो. हा गेटवेचा दोष नव्हे. निरोप हरवण्यापेक्षा दोनदा आलेला बरा, हे त्यांनी जाणून ठरवलेले असते. दोनदा आलेला निरोप एकदाच धरणे हे आमचे काम.

सरांचा प्रश्न त्याच रात्री मिटला. दुसरे पार्सल थांबवले आणि जास्तीची रक्कम परत पाठवली. पण चार दिवसांनी कऱ्हाडच्या एका बाईंचा फोन आला आणि दुसरी, माझ्या मते जास्त वाईट, गोष्ट उघड झाली. त्यांनी ५९० रुपये भरले होते आणि आमच्याकडे त्यांची ऑर्डर ‘रद्द’ अशी दिसत होती.

मी लॉग उघडून बसलो. त्यांचे पेमेंट काही सेकंदांत झाले होते आणि वेबहुकही लगेच आले होते. पण आमचा प्रोग्राम वेबहुक हाती आल्यावर पावती बनवायचा, ग्राहकाला मेल पाठवायचा, साठा कमी करायचा, आणि हे सगळे पार पडल्यावरच गेटवेला ‘मिळाले’ म्हणायचा. त्या संध्याकाळी मेल पाठवणारी सेवा बंद पडली होती. मेल गेला नाही म्हणून प्रोग्राम अडखळला, आणि अडखळल्यामुळे त्याने तोवरची पैशाची नोंदही मागे घेतली. गेटवे पुन्हा आला, पुन्हा तेच. इकडे अर्धा तास पैसे न आलेल्या ऑर्डरी रद्द करून साठा मोकळा करणारे आमचे वेगळे काम दर दहा मिनिटांनी चालते. त्याने ही ऑर्डर रद्द केली. रात्री मेलची सेवा सुरू झाली, गेटवे शेवटी आला तेव्हा प्रोग्रामने पाहिले की ऑर्डर रद्द झाली आहे, म्हणजे आता करण्यासारखे काही नाही, आणि ‘मिळाले’ असे उत्तर दिले. गेटवे समाधानाने निघून गेला. ५९० रुपये मात्र कुठल्याच ऑर्डरीशी न जुळता पडून राहिले.

इथे एक गोष्ट ग्राहकांनीही समजून घ्यावी अशी आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकानाला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण दुकानाकडे व्यवहाराची खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दिरंगाई झाली तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. ही चांगली तरतूद आहे आणि रकमा परतही येतात. पण कऱ्हाडच्या बाईंना तिचा उपयोग नव्हता. बँकेच्या, एनपीसीआयच्या आणि गेटवेच्या लेखी त्यांचा व्यवहार पूर्ण यशस्वी होता. पैसे गेटवेकडे आले होते आणि दोन दिवसांनी दुकानाच्या खात्यातही जमा झाले होते. चुकली ती फक्त आमची वही. ती आम्ही तपासली नसती, तर ते पैसे आपोआप कधीच परत गेले नसते.

म्हणून मी सगळे नव्याने लिहायला घेतले. ताईंना मी आधीच सांगितले की पडद्यावर फारसे काही बदललेले दिसणार नाही, तरी दहा दिवस लागतील. त्या म्हणाल्या, “दादा, लागू देत. पण माझ्या गिऱ्हाइकाने पैसे भरलेत की नाही, हे मला त्याच्याकडून कळायला नको.”

पहिला बदल ऑर्डरीच्या क्रमांकाचा. पूर्वी ‘पुन्हा प्रयत्न करा’ दाबले की नवी ऑर्डर तयार व्हायची. म्हणूनच बार्शीच्या सरांचे दोन्ही प्रयत्न दोन वेगळ्या ऑर्डरींचे पैसे म्हणून सुखाने नांदले. आता टोपली एक असेल तर ऑर्डर एकच, आणि तिच्याखाली प्रयत्न कितीही. प्रत्येक प्रयत्नाला गेटवेने दिलेला पेमेंट क्रमांक वेगळा असतो, पण ऑर्डर तीच. त्यामुळे दुसरे पेमेंट आले की ते दुसरे आहे हे निदान दिसते.

दुसरा बदल वेबहुक घेण्याच्या पद्धतीचा. आता वेबहुक आले की आधी त्याची सही तपासतो. गेटवेकडे आणि आमच्याकडे एक गुपित किल्ली असते, तिच्या आधारे निरोपाच्या मूळ मजकुरावरून सही काढून ती जुळते का ते पाहायचे. नाहीतर पत्ता ठाऊक असलेला कोणीही ‘पैसे मिळाले’ असे कळवून जाईल. सही जुळली की निरोप जसाच्या तसा एका तक्त्यात उतरवायचा आणि लगेच ‘मिळाले’ म्हणायचे. पावती, मेल, साठा ही कामे मागाहून, वेगळ्या रांगेत. उतरवण्याची ओळ अशी:

```sql
INSERT INTO payment_events (event_id, payload)
VALUES ($1, $2)
ON CONFLICT (event_id) DO NOTHING;
```

`event_id` हा गेटवेने निरोपाला दिलेला क्रमांक. तोच निरोप पुन्हा आला तर क्रमांकही तोच असतो. एक क्रमांक या तक्त्यात दोनदा बसूच शकत नाही असा नियम डेटाबेसला घालून दिलेला असतो, त्यामुळे पुन्हा आलेला निरोप तिथेच विरतो. प्रोग्राममध्ये ‘आधी आला होता का ते बघ, नसेल तर लिही’ असे दोन पायऱ्यांत लिहिण्यापेक्षा हे खूप सुरक्षित असते. तोच निरोप एकाच क्षणी दोनदा आला, तर दोन्ही वेळा ‘आधी आलेला नाही’ असेच उत्तर मिळते आणि दोन्ही आत शिरतात.

इथे मी स्वतः एका खड्ड्यात पडता पडता वाचलो, म्हणून तो सांगतो. निरोप उतरवला, ‘मिळाले’ म्हटले, आणि त्यावर काम होण्याआधी सर्व्हर बंद पडला तर? गेटवेच्या दृष्टीने निरोप पोचला आहे, तो पुन्हा येणार नाही. आलाच तरी आपण ‘हा आधीच आला आहे’ म्हणून सोडून देणार. म्हणजे दोनदा पैसे घेणे टाळायला घातलेला नियमच भरलेली ऑर्डर हरवायला कारण ठरतो. म्हणून निरोप ‘आला’ आणि निरोपावर ‘काम झाले’ या दोन नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतात. तक्त्यात `processed_at` नावाचा रकाना आहे आणि काम पूर्ण झाल्यावरच त्यात वेळ भरली जाते. दर मिनिटाला एक काम तो रकाना रिकामा असलेले निरोप शोधते आणि पुन्हा हाती घेते.

तिसरा बदल मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वेबहुकमध्ये काय लिहिले आहे यावर आता ऑर्डरीचा निर्णय होत नाही. वेबहुक म्हणजे फक्त दारावरची घंटा. घंटा वाजली की आमचा प्रोग्राम गेटवेला उलट विचारतो, या ऑर्डरीखाली आत्ता कोणकोणती पेमेंट आहेत आणि त्यांची स्थिती काय. त्यामुळे ‘यशस्वी’नंतर जुना ‘प्रलंबित’ निरोप रेंगाळत आला तरी बिघडत नाही, कारण निरोपातली शिळी बातमी कोणी वाचतच नाही. आणि घंटा वाजलीच नाही, तरीही विचारता येते.

किती वेळा विचारायचे, हा मात्र जपून ठरवायचा प्रश्न आहे. सुरुवातीला मी दर पाच सेकंदांनी विचारणार होतो. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय काही तास कोलमडले होते, ते अनेकांना आठवत असेल. त्यामागे एनपीसीआयला आढळलेले कारण म्हणजे बँकांकडून येणारा ‘या व्यवहाराचे काय झाले’ अशा चौकशांचा प्रचंड लोंढा. निरोप रखडले म्हणून चौकशा वाढल्या, आणि चौकशांमुळे निरोप आणखी रखडले. त्यानंतर अशा चौकशांवर मर्यादा आल्या. आम्ही बँक नाही आणि गेटवेला विचारतो, पण वागणूक तीच हवी. म्हणून आता पहिली चौकशी एका मिनिटाने, मग तीन मिनिटांनी, दहा, तीस, मग तासाने, आणि पुढे सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. बहुतेक प्रलंबित पेमेंटचा निकाल पहिल्या दोन-तीन चौकशांतच लागतो.

निकाल लागला की ऑर्डरीवर ‘पैसे मिळाले’ हा शिक्का मारायचा. हा शिक्का मारणारी जागा आख्ख्या प्रोग्राममध्ये एकच आहे. वेबहुक, ग्राहकाचे परत आलेले पान, ठरल्या वेळची चौकशी, सगळे तिथूनच जातात:

```sql
UPDATE orders
SET status = 'paid', paid_payment_id = $1
WHERE id = $2 AND status IN ('new', 'pending');
```

त्याआधी रक्कम जुळते का ते पाहिलेले असते. गेटवे सहसा पैशांत मोजतो, म्हणजे ११८० रुपयांच्या जागी ११८००० हा आकडा येतो, आणि तो ऑर्डरीशी तंतोतंत जुळला पाहिजे. खरी राखण करते ती वरच्या शेवटच्या ओळीतली अट. ऑर्डर नवी किंवा प्रलंबित असेल तरच शिक्का बसतो. दोन ठिकाणांहून एकाच क्षणी शिक्का मारायचा प्रयत्न झाला, तरी डेटाबेस दोघांपैकी एकालाच यश देतो. ज्याला यश मिळाले तोच पुढे पार्सलची चिठ्ठी काढतो, आणि शिक्का व चिठ्ठी एकाच व्यवहारात लिहिली जातात. दोन्ही बसतात, नाहीतर एकही नाही.

ज्याला यश मिळाले नाही त्याने गप्प बसायचे नाही, आणि आमचे जुने चुकले ते इथेच. त्याने ऑर्डर उघडून बघायचे. तिच्यावर नोंदलेला पेमेंट क्रमांक आपलाच असेल, तर ही आधीच झालेली गोष्ट, सोडून द्यायची. क्रमांक वेगळा असेल, तर ग्राहकाचे पैसे दुसऱ्यांदा आले आहेत, ही रक्कम परतीच्या रांगेत लावायची. आणि ऑर्डर रद्द झालेली असेल, तर पैसे उशिरा आले आहेत. साठा शिल्लक असेल तर ऑर्डर पुन्हा जिवंत करायची, नसेल तर रक्कम परत पाठवून ग्राहकाला कळवायचे.

परतीलाही तोच जपणुकीचा नियम लागतो. परत करण्याची विनंती गेटवेला पाठवली आणि उत्तर आले नाही, तर ती पोचली की नाही हे कळत नाही. पुन्हा पाठवावी तर दोनदा परत जाण्याची भीती. यासाठी अनेक गेटवे विनंतीसोबत आपण ठरवलेली एक खूण स्वीकारतात, तिला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. त्याच खुणेची विनंती पुन्हा आली तर गेटवे नवी परतफेड करत नाही, पहिल्या वेळचेच उत्तर पुन्हा देतो. आमची खूण पेमेंट क्रमांकावरूनच बनते, `refund-` आणि पुढे तो क्रमांक. त्या क्षणाची वेळ किंवा यदृच्छ आकडा त्यात घातला, तर प्रत्येक प्रयत्नाला खूण बदलते आणि सगळा उपयोगच जातो. ही खूण गेटवे कायमची जपून ठेवत नाही, कुठे एक दिवसच ठेवतो. म्हणून जुनी परतफेड पुन्हा पाठवण्याआधी त्या पेमेंटवर आधी काय परत गेले आहे, हे विचारूनच घ्यायचे.

अर्ध्या तासाने ऑर्डरी रद्द करणारे कामही बदलले. रद्द करण्याआधी ते गेटवेला एकदा विचारते. उत्तर `pending` आले, तर ऑर्डर रद्द होत नाही आणि तो संच आणखी काही काळ तिच्या नावावर राहतो. ताईंना हे सुरुवातीला पटले नाही, कारण दिवाळीच्या तोंडावर अडकून पडलेला संच म्हणजे गेलेली विक्री. शेवटी आम्ही दोन तासांची मर्यादा ठरवली. त्यानंतर साठा मोकळा होतो, पण चौकशी चालूच राहते. ही मर्यादा तंत्राने ठरत नाही, धंद्याने ठरते. नाटकाच्या खुर्चीसाठी ती दहा मिनिटांची असेल, पुस्तकासाठी दिवसभराचीही चालेल.

ग्राहकाला दिसणारे वाक्य आम्ही दोघांनी मिळून लिहिले. ‘तुमच्या बँकेकडून खात्री यायची आहे. आम्ही विचारत आहोत. कृपया लगेच पुन्हा पैसे भरू नका. हे पान बंद केले तरी चालेल, निकाल मेसेजने कळवू.’ खाली ऑर्डरीचा क्रमांक. पैसे भरायचे बटण तिथे नाही. एक बारीक दुवा आहे, ‘मला दुसऱ्या मार्गाने आत्ताच भरायचे आहे’. तो दाबला तर आधी सांगितले जाते की दोन्ही रकमा आल्या तर एक परत पाठवली जाईल. घाई असलेल्याला अडवून धरायचे नाही, पण घाबरून कोणी दुसऱ्यांदा भरू नये.

एवढे करूनही मी रात्रीचा ताळा सोडलेला नाही. गेटवेच्या अहवालातली कालची सगळी यशस्वी पेमेंट एका बाजूला, आमच्या वहीतल्या भरलेल्या ऑर्डरी दुसऱ्या बाजूला, आणि पेमेंट क्रमांकाने दोन्ही जुळवायच्या. गेटवेकडे आहे आणि आमच्याकडे नाही, ही हरवलेली ऑर्डर. आमच्याकडे आहे आणि गेटवेकडे नाही, म्हणजे पैसे न येताच शिक्का बसला, आणि ते त्याहून गंभीर. एका ऑर्डरीखाली दोन पेमेंट आणि परतफेड एकही नाही, तर परतीची रांग अडली. उरलेल्या ओळी पहाटे सहाला ताईंच्या आणि माझ्या मोबाइलवर येतात. बहुतेक दिवशी काहीच येत नाही.

नव्या पद्धतीने चालू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक ओळ आली. गेटवेकडे ४२० रुपये, आमच्याकडे ऑर्डर रद्द, अंक संपलेला, आणि परतीची विनंती गेटवेने नाकारलेली, कारण त्या दिवशी दुकानाच्या गेटवे खात्यात परत करण्याइतकी शिल्लक नव्हती. ताईंनी दुकान उघडल्यावर पहिला फोन त्या ग्राहकाला केला. त्यांनी अजून बँकेचा मेसेज पाहिलाही नव्हता. अंक संपला आहे, पैसे आज परत पाठवते असे ताईंनी सांगितल्यावर ते म्हणाले की दुसरा एखादा अंक सुचवा, तोच पाठवा. ताईंनी दोन नावे सांगितली, त्यांनी एक निवडले, आणि मी त्या पेमेंटची परतीची रांगेतली ओळ आधी काढली, मग नव्या ऑर्डरीला ते पेमेंट जोडले.